'नारन्' आणि 'अन्-नार': एकीकडे 'अल्लती' आहे, दुसरीकडे नाही. का?

शब्दवेडी

गेली दोन वर्षं पुण्यात दर रविवारी अरबीच्या वर्गाला जाते. व्याकरण आवडतं म्हणून शिकते आहे. मागच्या चाचणीत मी "मी एक पुस्तक वाचलं, जे माझ्या मित्राने लिहिलंय" याचं अरबी असं केलं होतं: "क़रअ्तु किताबन् अल्लज़ी कतबहू सदीक़ी". सरांनी 'अल्लज़ी'वर लाल रेघ मारली आणि बाकीचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. शेजारी काहीच लिहिलं नाही.

घरी येऊन कुरआनात उदाहरणं शोधत बसले, तर ही दोन समोर आली.

सूरह बक़रा, आयत 24: "फत्तक़ुन्-नारल्-लती वक़ूदुहन्-नासु वल्-हिजारह".

सूरह तहरीम, आयत 6: "क़ू अन्फुसकुम व अह्लीकुम नारन् वक़ूदुहन्-नासु वल्-हिजारह".

दोन्हीकडे आगीबद्दल तेच तीन शब्द आहेत: तिचं इंधन माणसं आणि दगड. पण पहिल्यात मध्ये 'अल्लती' आहे आणि दुसऱ्यात 'नारन्' नंतर थेट 'वक़ूदुहा'. मराठीत मला दोन्हीकडे 'जिचं' म्हणावंच लागतं. मग अरबीत एकीकडे ते का लागतं आणि दुसरीकडे का चालत नाही? जाणकारांनी सांगावं.

पर्वती_पायथा

ताई, यात फार खोल काही नाही. हे सर्वनाम ऐच्छिक असतं. इंग्रजीत 'दॅट' कधी घालतात, कधी गाळतात, तसंच. कुरआनात लय महत्त्वाची, त्यामुळे जिथे लयीत बसत नाही तिथे 'अल्लती' गाळलं आहे. एक मात्र खरं, की 'एक पुस्तक' असं मोघम म्हटलं की गाळायची पद्धत जास्त आहे.

दापोलीकर

पर्वतीभाऊंचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, त्याच्या आधीचं नाही. हे ऐच्छिक नाही. 'नारन्' नंतर सिफत म्हणून, म्हणजे विशेषण म्हणून, 'अल्लती' घालता येत नाही, आणि 'अन्-नार' ला असं वाक्य सिफत म्हणून जोडायचं तर 'अल्लती' वगळता येत नाही. मी लहानपणी मदरशात नह्व, म्हणजे अरबी व्याकरण, शिकलो आणि आता मुलांना शिकवतो, त्यामुळे ज्या रस्त्याने मुलांना नेतो त्याच रस्त्याने सांगतो.

वाक्य थोडा वेळ बाजूला ठेवा आणि एका शब्दाचं विशेषण घ्या. 'मोठं घर' म्हणायचं तर "बैतुन् कबीरुन्". 'ते मोठं घर' म्हणायचं तर "अल्-बैतुल्-कबीर". नामाला 'अल्' लागला की विशेषणालाही लागतो, नामाला तन्वीन, म्हणजे शेवटी तो 'न्', असेल तर विशेषणालाही तन्वीन. दोघांचा पेहराव सारखा हवा. एकाला 'अल्' आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडी विशेषण-विशेष्याची होतच नाही.

आता विशेषणाच्या जागी अख्खं वाक्य आणा. वाक्याला 'अल्' लावता येत नाही. मग 'अन्-नार' सारख्या निश्चित नामाशी त्याचा पेहराव जुळायचा कसा? त्यासाठी 'अल्लती' आहे. तिच्या तोंडालाच 'अल्' आहे बघा. ती स्वतः निश्चित आहे, म्हणून 'अन्-नार' च्या शेजारी विशेषण म्हणून उभी राहू शकते, आणि मागचं वाक्य तिचा अर्थ पुरा करतं. 'नारन्' ला हा त्रासच नाही. नाम अनिश्चित, आणि अरब वैयाकरण वाक्यालाही अनिश्चिताच्या बरोबरीचं धरतात. म्हणून "वक़ूदुहन्-नासु वल्-हिजारह" हे वाक्य सरळ 'नारन्' ची सिफत होऊन बसतं. मध्ये 'अल्लती' घातली तर अनिश्चित नामाला निश्चित विशेषण लावल्यासारखं होईल.

तुमच्या सरांनी मारलेली रेघ यासाठीच होती. "क़रअ्तु किताबन् कतबहू सदीक़ी", एवढंच पुरे. त्यांनी 'कतबहू' मधला 'हू' ठेवला हेही लक्षात घ्या. जोडणारा शब्द नाही म्हणून नाळ सांभाळायचं काम त्या 'हू' कडे आहे. 'वक़ूदुहा' मधली 'हा' तेच करते.

मस्कतचा_मित्र

माझा अनुभव सांगतो. चौदा वर्षं मस्कतमध्ये नोकरी, व्याकरण शून्य, सगळं ऐकून ऐकून शिकलो. इथे बोलीत 'अल्लज़ी', 'अल्लती' कोणी म्हणत नाही, सगळ्याला 'इल्ली'. मी सुरुवातीला "माझा एक मित्र आहे, जो बँकेत काम करतो" म्हणताना "इंदी सदीक़ इल्ली यश्तग़ल फिल्-बंक" म्हणायचो. आमच्या दुकानातले म्हातारे ओमानी गृहस्थ दर वेळी मान हलवून 'इल्ली' गाळून वाक्य पुन्हा म्हणायचे: "इंदी सदीक़ यश्तग़ल फिल्-बंक". कारण त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण कानाला खटकायचं. आज समजलं. म्हणजे हे फक्त किताबी अरबीत नाही, बोलीतही आहे.

पण मग माझा प्रश्न. मध्ये काहीच शब्द नसेल, तर 'यश्तग़ल' पासून नवीन वाक्य सुरू झालं की ते मित्राचं विशेषण आहे, हे ओळखायचं कसं? बोलताना सुरावरून कळतं. लिहिलेल्या आयतीत?

दापोलीकर

मस्कतकर, कधी कधी एका स्वरावर सगळं ठरतं. सूरह मरयम, आयती 5 आणि 6. ज़करिया अलैहिस्सलाम म्हातारपणी दुआ करतात: "फहब् ली मिल्-लदुन्क वलिय्या, यरिसुनी". 'तुझ्याकडून मला एक वारस दे', आणि पुढे 'वारसा घेणं' याचं क्रियापद.

बहुतेक क़ारी, म्हणजे कुरआनपठणाचे जुने जाणकार, "यरिसुनी" वाचतात, 'स' वर पेश, म्हणजे 'उ'. तेव्हा हे 'वलिय्यन्' चं विशेषण: माझा वारसा चालवील असा वारस दे. अबू अम्र आणि किसाई हे दोघं "यरिस्नी" वाचतात, 'स' वर जज़्म, म्हणजे स्वरच नाही. तेव्हा हे विशेषण राहत नाही, मागणीचं उत्तर होतं: वारस दे, म्हणजे तो माझा वारसा चालवील. दोन्ही क़िराअती प्रमाण आहेत. पहिल्यात कसला वारस हवा ते मागणीच्या आतच आलं आहे, दुसऱ्यात ते मागणीचं फळ आहे.

असा स्वर प्रत्येक ठिकाणी मदतीला येत नाही, हेही खरं. तिथे अर्थ आणि मागे वळणारं सर्वनाम बघून ठरवावं लागतं, आणि तिथे मतभेद होतात.

कृष्णाकाठ

मला वाटतं प्रश्न व्याकरणाचा नाहीच. या दोन वेगवेगळ्या आगी असाव्यात. बक़रातली आयत इन्कार करणाऱ्यांना उद्देशून आहे आणि तहरीमची "हे ईमानवाल्यांनो" अशी सुरू होते. म्हणजे एक आग त्यांची, एक यांची. म्हणून एकीकडे 'ती आग' आणि दुसरीकडे 'एक आग'.

दापोलीकर

दोन आगी नाहीत, कृष्णाकाठ. वर्णन शब्दशः एकच आहे. पण एकाच आगीला एकदा 'ती' आणि एकदा 'एक' का म्हटलं, हा प्रश्न तुमच्या म्हणण्यात लपलेला आहे आणि तो जुना आहे. ज़मख़्शरीने 'कश्शाफ' या आपल्या तफसीरमध्ये, म्हणजे कुरआनवरच्या भाष्यात, तोच विचारला आहे. हा ख़्वारज़्मचा माणूस, 1144 मध्ये वारला, व्याकरणात आणि तफसीरमध्ये दोन्हीकडे मोठा.

त्याचा मुद्दा असा. 'अल्लती' च्या मागे जे वाक्य येतं, त्यातली गोष्ट ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवी. 'काल आला होता तो माणूस' असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा काल कोणीतरी आलं होतं हे तुम्हाला माहीत आहे. मग बक़राची आयत ऐकणाऱ्यांना माणसं आणि दगड जाळणारी आग आधी कुठून ठाऊक? तो उत्तरं देतो: किताबवाल्यांकडून ऐकलं असेल, पैगंबरांकडून ऐकलं असेल, किंवा तहरीमची आयत आधी ऐकली असेल. पुढे तो स्पष्टच म्हणतो, की तहरीमची ती आयत मक्केत उतरली, तिथे लोकांना अशा एका आगीची ओळख झाली, मग मदीनेत बक़राची उतरली आणि तिने त्या ओळखीच्या आगीकडे बोट दाखवलं.

व्याकरण म्हणून हे फार सुंदर आहे. आधी 'नारन्', नव्याने ओळख. नंतर 'अन्-नारल्-लती', ओळखीचा उल्लेख. अडचण इतिहासाची आहे. सूरह तहरीम मदीनेची मानली जाते, आणि नंतरच्या तफसीरकारांनी ज़मख़्शरीला नेमकं इथेच अडवलं. त्यामुळे त्याची पहिली दोन उत्तरं टिकतात, तिसऱ्यावर वाद आहे. माझं स्वतःचं मन पहिल्या दोहोंकडे झुकतं, पण निकाल देण्याइतका मी मोठा नाही.

अनुवाद_घर

मी इंग्रजी आणि उर्दूवरून मराठीत भाषांतरं करते, अरबी येत नाही. पण शब्दवेडी म्हणाल्या की मराठीत दोन्हीकडे 'जिचं' येतं, तिथे थोडं थांबा. 'जिचं' दोन्हीकडे येईल, पण त्याची जोडीदारीण बदलते.

ओळखीच्या आगीला आपण म्हणतो: "जिचं इंधन माणसं आणि दगड आहेत, त्या आगीला भ्या." जी–ती ची जोडी, आणि 'जी' चं वाक्य सहज पुढे येतं. नव्या आगीला म्हणतो: "स्वतःला आणि घरच्यांना अशा आगीपासून वाचवा, जिचं इंधन माणसं आणि दगड आहेत." इथे 'अशी' लागते, आणि 'जी' चं वाक्य नामाच्या मागेच राहतं. ते उचलून पुढे आणून बघा: "जिचं इंधन माणसं आणि दगड आहेत, अशा एका आगीपासून". चालतं, पण ओढून आणल्यासारखं वाटतं. 'अल्' चं काम मराठीत 'तो' करतो आणि तन्वीनचं काम 'असा' करतो, असं मला तुमची चर्चा वाचून वाटलं. दोन्ही आयतींचं मराठी एकसारखं केलं तर दापोलीकरांनी सांगितलेला फरक वाचकापर्यंत पोचणारच नाही.

शब्दवेडी

अनुवाद_घर, मी दोन्हीकडे 'त्या आगीपासून' लिहून ठेवलं होतं. वही काढून तहरीमचं आत्ताच बदललं. खूप आभार.

पर्वती_पायथा

दापोलीकर, तुमचं म्हणणं वाचलं आणि मुद्दाम उलट उदाहरण शोधलं. सूरह हुमज़ा, अगदी सुरुवात: "वैलुल्-लिकुल्लि हुमज़तिल्-लुमज़ह, अल्लज़ी जमअ मालंव्-व अद्ददह". 'हुमज़तिन्' ला तन्वीन आहे, वाचताना तिचा 'न्' पुढच्या 'ल' मध्ये मिसळलाय एवढंच, आणि 'लुमज़ह' लाही 'अल्' नाही. दोन्ही अनिश्चित. आणि लगेच पुढे 'अल्लज़ी'. कुठे गेला नियम?

दापोलीकर

फार चांगलं उदाहरण काढलंत. वर मी 'सिफत म्हणून' हे शब्द का घातले ते आता सांगता येईल.

आधी तुलनेला सूरह माऊन घ्या: "फवैलुल्-लिल्-मुसल्लीन, अल्लज़ीन हुम अन सलातिहिम साहून". 'त्या नमाज़ींचा नाश, जे आपल्या नमाज़ीबद्दल गाफील आहेत'. 'अल्-मुसल्लीन' निश्चित, 'अल्लज़ीन' निश्चित, जोडी सरळ जुळली. ही विशेषण-विशेष्याचीच जोडी.

हुमज़ात तशी जुळत नाही, म्हणून तिथे 'अल्लज़ी' ला 'हुमज़तिन्' चं विशेषण कोणी म्हणत नाही. तीन वाटा सांगतात. एक, तो 'कुल्लि' चा बदल आहे, म्हणजे त्याच्या जागी येऊन उभा राहिलेला: 'प्रत्येक टोचून बोलणाऱ्या, निंदा करणाऱ्याचा नाश, ज्याने संपत्ती गोळा केली आणि मोजत बसला त्याचा'. दुसरी, त्याच्या आधी 'तो' अध्याहृत धरायचा: 'तोच तो, ज्याने संपत्ती गोळा केली'. तिसरी, निंदेसाठी वाक्य मुद्दाम तोडून 'माझा रोख त्याच्यावर आहे, ज्याने…' असं नवं सुरू करायचं. बदलाला निश्चितपणाची जोडी लागत नाही, विशेषणाला लागते. म्हणून नियम मोडत नाही.

आणि यातून अर्थाला काय मिळतं ते बघा. 'कुल्लि हुमज़तिन्' म्हणजे जो कोणी असा असेल तो, अख्खी जात. 'अल्लज़ी' आला की एकदम एका माणसावर बोट येतं, पैसे मोजत बसलेला माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. काही तफसीरकारांनी त्या वेळच्या विशिष्ट माणसांची नावंही दिली आहेत. विशेषण करून लिहिलं असतं तर "हुमज़तिन् लुमज़तिन् जमअ मालन्" झालं असतं. व्याकरण शुद्ध, पण बोट कोणावरच नाही.

पडताळा घ्यायचा तर सूरह क़ाफ, आयती 24 ते 26 बघा. "कुल्ल कफ्फारिन् अनीद", मग आणखी तन्वीनवाली विशेषणं, आणि मग 'अल्लज़ी'. तिथेही तीच चर्चा आहे. फक्त तिथे काहींनी असं म्हणून पाहिलंय की इतकी विशेषणं लागून नाम पुरेसं नेमकं झालं, म्हणून 'अल्लज़ी' ला सिफत म्हणता येईल. बाकीच्यांनी ते मान्य केलेलं नाही.

पर्वती_पायथा

मान्य. 'ऐच्छिक' हा शब्द मागे घेतो.

वसईचा_वारा

मी कॅथलिक आहे, वसईचा. सेमिनरीत असताना थोडं हिब्रू शिकलो होतो आणि माझ्याकडे अरबी बायबल आहे, ते व्हॅन डाइकचं, जे 1865 मध्ये बैरूतमध्ये पूर्ण झालं. हा धागा वाचून पहिलं स्तोत्र उघडलं. तिसरी ओवी: "फयकूनु कशजरतिन् मग़्रूसतिन् इंद मजारिल्-मियाह, अल्लती तुअ्ती समरहा फी अवानिह". 'पाण्याच्या प्रवाहांजवळ लावलेल्या झाडासारखा तो होईल, जे आपल्या हंगामात फळ देतं'.

'शजरतिन् मग़्रूसतिन्' दोन्हीला तन्वीन. मग 'अल्लती' कशी? हे भाषांतर करताना बुतरस अल्-बुस्तानी आणि नासीफ अल्-याज़िजी यांच्यासारखे अरबीचे पंडित सोबत होते. त्यांची चूक म्हणायला जीभ धजत नाही. मूळ हिब्रूत इथे 'अशेर' आहे, आणि हिब्रूत 'अशेर' निश्चित-अनिश्चित दोन्ही नामांमागे चालतो. त्यामुळे तो तसाच उतरला असेल का? की दापोलीकर म्हणाले तसा हाही 'बदल' धरायचा?

दापोलीकर

फादर म्हणू का भाऊ म्हणू, माहीत नाही, पण प्रश्नाने मला बसवून ठेवलं. ते बायबल माझ्या वाचनातलं नाही, तुम्ही दिलेल्या ओळीवरूनच बोलतो.

ही ओळ मी नुसती ऐकली तर माझा कान 'अल्लती' ला झाडाशी जोडत नाही, 'मजारिल्-मियाह' शी जोडतो. ते अगदी शेजारी आहे, 'अल्-मियाह' मुळे निश्चित झालेलं आहे, आणि निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला अरबीत 'अल्लती' हीच लागते. म्हणजे व्याकरणाने फळ प्रवाह देतात असं होतं. अर्थ तसा नाही हे उघड आहे. ऐकणारा अडखळून मागे झाडाकडे जातो.

आता याच्या शेजारी सूरह इब्राहीम, आयती 24 आणि 25 ठेवा. चित्र जवळजवळ तेच: "कशजरतिन् तय्यिबतिन् अस्लुहा साबितुंव्-व फर्उहा फिस्समा, तुअ्ती उकुलहा कुल्ल हीन". चांगल्या झाडासारखी, जिचं मूळ घट्ट, जिची फांदी आकाशात, जी हर हंगामात फळ देते. फळ देणं तर दोन्हीकडे आहे. पण इथे 'अल्लती' कुठेच नाही. एका तन्वीनवाल्या 'शजरतिन्' ला एक शब्दाचं विशेषण आणि त्यामागे वाक्यं येत जातात, आणि प्रत्येकात एक 'हा' झाडाकडे परत जाते: अस्लुहा, फर्उहा, उकुलहा. मध्ये 'अस्समा' हे निश्चित नाम येतं, पण 'अल्लती' च नसल्याने ते तिला ओढून नेऊ शकत नाही.

स्तोत्रातल्या ओळीला बदल म्हणता येईल, अध्याहृत 'हिय', म्हणजे 'ती', धरूनही वाचता येईल. पण हुमज़ात बदलाने अर्थाला काही मिळत होतं, बोट एका माणसावर येत होतं. इथे उपमेतल्या झाडाकडे बोट दाखवायचं कारण मला दिसत नाही. हिब्रूचा 'अशेर' उतरला हे तुमचं म्हणणं जास्त पटतं, पण हिब्रू मला येत नाही.

वसईचा_वारा

भाऊच म्हणा, सेमिनरी मधेच सोडली होती. दुसऱ्या बाजूनेही एक सांगतो. 'अल्लती' काढली तर "मजारिल्-मियाह तुअ्ती समरहा" असं होतं आणि तेव्हाही 'तुअ्ती' प्रवाहांना चिकटू शकते. भाषांतरकारांनी कदाचित वाक्य मोडू नये म्हणूनच ठेवली असेल. माझ्या मनात हा प्रश्न उघडाच राहणार.

शब्दवेडी

हे सगळं वाचून पुन्हा एकदा उदाहरणं तपासली. दापोलीकर भाई, तुम्ही म्हणालात की नाळ सांभाळायचं काम सर्वनामाकडे आहे. बक़रा 281: "वत्तक़ू यौमन् तुर्जऊन फीहि इलल्लाह". अशा दिवसाला भ्या, ज्यात तुम्ही अल्लाहकडे परत नेले जाल. 'फीहि' दिवसाकडे परत जातं, बरोबर. पण त्याच सूरहची 48 वी आयत: "वत्तक़ू यौमन् ला तज्‌ज़ी नफ्सुन् अन् नफ्सिन् शैआ". ज्यात कोणी कोणाच्या कामी येणार नाही. इथे 'अल्लज़ी' नाही, ते समजलं. पण 'फीहि' पण नाही. नाळ कुठे आहे?

दापोलीकर

आहे, बोललेली नाही. 281 मध्ये जे 'फीहि' तोंडाने म्हटलं गेलं, ते 48 मध्ये मनात धरायचं. 123 व्या आयतीतही असंच आहे. दिवस, वेळ असे शब्द असले की 'त्यात' गाळलेलं अरबी कान सहज भरून घेतो. तुमच्या 'कतबहू' मधला 'हू' मात्र पहिल्या वर्षात गाळू नका, सर पुन्हा लाल रेघ मारतील.

'फीहि' गळालं कसं यावर मात्र दोन मतं आहेत. बसऱ्याच्या वैयाकरणांकडे अख्खं 'फीहि' एकदम गळालं. वर आलेला क़ारी किसाई वैयाकरणही होता, त्याला ते मान्य नव्हतं. त्याच्या मते आधी 'फी' गेला, सर्वनाम क्रियापदाला चिकटून 'तज्‌ज़ीहि' झालं, आणि मग 'कतबहू' चा 'हू' जसा कधी कधी जातो तसा तो गेला. अर्थ दोघांचा एकच. वाद एवढाच की जोडशब्दासकट सर्वनाम एका घावात जाऊ शकतं की नाही. फर्रा या वैयाकरणाने दोन्ही चालतात म्हटलंय.

मस्कतचा_मित्र

उद्या दुकानात त्या म्हाताऱ्यांना विचारतो की "एक दिवस, ज्यात पाऊस पडला" हे ते 'फीह' घालून म्हणतात की न घालता. कळवतो इथे.